नाव बिघडवून घ्यायची रीत

नव्या ऑफिसात रुजू झालात? अभिनंदन. आता नावाचं बघू. समजा, तुम्ही ज्ञानदा काळे. नावात ज्ञ, आडनावात ळ, म्हणजे घरच्यांनी निम्मं काम आधीच करून ठेवलंय.

पहिल्याच दिवशी टीम लीड विचारेल, "तुम्हाला काय म्हणायचं?" इथे हसून "काहीही चालेल" म्हणा. "ज्ञानदा म्हणा. द-न्या-न-दा" असं तुकडे पाडून दोनदा सांगितलंत, तर समोरच्याला तिथल्या तिथे जमेल आणि पुढची सगळी गंमत जाईल.

एचआरने मेलवर Kale Dnyanada असं आडनाव आधी टाकलं असेल. राहू द्या. आयटीला तिकीट टाकलं तर ते उलटं करून मिळेल, म्हणून टाकूच नका. अमेरिकेतली मंडळी "हाय केल" म्हणून मेल पाठवतील. केल ही तिकडची कोशिंबिरीत घालायची पालेभाजी. पौष्टिक असते म्हणे.

दिल्लीचे सहकारी "ग्यानदा" म्हणतील. हिंदीत ज्ञ असाच म्हणतात, त्यांचं काही चुकत नाही. तरीही त्यांच्यावरच डाफरा; आणि क्लायंट "डायनाडा" म्हणाला की मात्र गोड हसा. माणसाचा हुद्दा पाहून चिडावं, हा या शास्त्रातला पहिला नियम.

पहिल्यांदा चुकलं की बोलू नका. दुसऱ्यांदाही नको. आठ महिने उलटू द्या, म्हणजे सांगताना तुम्हालाच ओशाळं वाटेल. मग एखाद्या भरगच्च मीटिंगमध्ये फुटा. काही भित्रे लोक "हो, मी ज्ञानदा बोलतेय, रिपोर्ट संध्याकाळी पाठवते" असं उत्तरातच नाव पेरतात. त्यानेही भागलं नाही, तर कॉल संपल्यावर त्या एकट्याला दोन ओळींचा मेसेज टाकतात: "माझं नाव द-न्या-न-दा. अवघड आहे खरं, पण दोनचारदा म्हटलं की बसतं." कोणी तर शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला पढवून ठेवतं, की मीटिंगमध्ये तू माझं नाव नीट घे, बाकीचे आपोआप उचलतील. लिंक्डइनवर दहा सेकंदांत स्वतःच्या आवाजात नाव नोंदवायची सोयही आहे. इतक्या साध्या उपायांनी मान राखून काम होत असेल, तर मनात कुढायला उरतं काय?

एवढं करूनही एखाद्याची जीभ वळतच नाही. प्रयत्न करणारा आणि "तुमची नावं बाई कठीणच" म्हणून सोडून देणारा, यांत फरक असतो. तो करत बसू नका. दोघांनाही एकाच तराजूत तोला.

आता त्या चेन्नईच्या नव्या मुलीकडे वळा. तमिळमध्ये ळ आहे, त्यामुळे अख्ख्या मजल्यावर "काळे" नीट म्हणते ती हीच. तिचं नाव स्क्रीनवर Yazhini असं दिसतं. त्यातला zh हा झ नव्हे, ळच्या जवळचा तमिळ उच्चार आहे. विचारू नका. खुशाल "याझिनी" म्हणा. तिने हळूच दुरुस्त केलंच, तर लंचला बाकीच्यांना सांगा, "पोरगी हुशार आहे हो, पण नावाबद्दल जरा जास्तच हळवी."