ओव्हरटाइमचा, म्हणजे ओटीचा रिपोर्ट सकाळी प्लांट मॅनेजरच्या हातात पडतो, पण तो सांगतो काय?

चाकण काय किंवा वाळूज काय, बहुतेक कारखान्यांत रोजच्या लेबर कॉस्टची शीट एकाच पद्धतीने बनते. महिन्याच्या बजेटला २६ ने भागायचं, शेजारी कालचा खर्च लिहायचा, फरक लाल रंगात दाखवायचा. माझं स्पष्ट मत आहे की अशा शीटमुळे प्लांट मॅनेजरची दिशाभूल होते, कारण काल माल किती निघाला हे तिच्यात कुठेच नसतं.

प्रेस शॉपचा एक हिशेब मांडून बघू. ४० कामगार, रोजचा पगार ७०० रुपये, म्हणजे तासाला साडेसत्याऐंशी. ओटी दुप्पट दराने, म्हणजे १७५. बजेटमध्ये रोज २४ तास ओटी धरलेला आहे. २८,००० आणि ४,२०० मिळून ३२,२०० रुपये, आणि त्यात १,४०० नग निघायला हवेत. नगामागे २३ रुपये.

काल तिघे बिनपगारी गैरहजर होते. ओटी झाला ५२ तास. ३७ जणांचे २५,९०० आणि ओटीचे ९,१०० मिळून बरोबर ३५,००० रुपये. नेहमीची शीट म्हणेल, २,८०० जास्त गेले. पण नग निघाले १,२०० च. म्हणजे नगामागे २९ रुपयांच्या वर खर्च पडला. खरं दुखणं इथे आहे.

आता तास बघा. बजेटच्या वेगाने १,२०० नगांना साधारण २९५ तास पुरतात. ३७ जणांच्या साध्या ड्युटीचेच २९६ तास होतात! मग ओटी कशाला लागला? प्रेसचा साचा, म्हणजे डाय तुटली आणि १३ माणसं चार तास बसून राहिली. ते ५२ तास ओटीत भरून काढले गेले. शीटमध्ये मात्र 'गैरहजेरीमुळे ओटी' असं लिहून मोकळे होतात. गैरहजेरीचे तास फक्त २४. आणि १,२०० नगांना तेही लागले नसते. सगळे ५२ तास डाय सांभाळणाऱ्या टूल रूमच्या नावावर लिहायला हवेत, नाहीतर उद्या जाब विचारला जातो सुपरवायझरला आणि डाय तशीच राहते.

गैरहजेरीतही बिनपगारी आणि भरपगारी रजा वेगळ्या दाखवा. बिनपगारी माणसाचे आठ तास ओटीत काढले तर १,४०० जातात, पण त्याचे ७०० वाचतात. भरपगारी रजेत काहीच वाचत नाही, तेवढ्याच कामाला २,१०० पडतात.

आकडे बिघडतात ते दोन ठिकाणी. तिसऱ्या पाळीचा माणूस सकाळी आउट पंच करतो, म्हणून त्याचे तास दुसऱ्या तारखेत जातात. मग एक दिवस फुगतो आणि आदला दिवस चांगला दिसतो. तास पाळी सुरू झाली त्या तारखेलाच धरा. दुसरं म्हणजे कंत्राटी कामगारांचा ओटी. तो ठेकेदाराच्या बिलात महिनाअखेरीस दिसतो, तोवर रोजची शीट हिरवीच. टाइम ऑफिसने गेट रजिस्टरवरून ते तास त्याच सकाळी चढवायला हवेत, रक्कम अंदाजी असली तरी चालेल.