पुरस्काराची पोस्ट: विनय कमी, तपशील जास्त

पुरस्कार जाहीर झाला की लिंक्डइनवर काय लिहायचं, या प्रश्नाने भल्याभल्यांची गाळण उडते. कंपन्यांचा असला मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे ओळखीतले लोकही मसुदे पाठवतात. खाली हमखास एक ओळ असते: 'बढाई वाटत नाही ना, बघ जरा.'

माझं मत सरळ आहे. पुरस्कार मिळाला हे सांगणं म्हणजे बातमी देणं, त्यात बढाई काही नाही. खटकतो तो बातमीभोवती गुंडाळलेला विनय. ओवुल सेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली याच विषयावर संशोधन प्रसिद्ध केलं होतं. तक्रारीच्या किंवा नम्रतेच्या आडून केलेली आत्मस्तुती लोकांना उघड बढाईपेक्षाही कमी आवडते, कारण ती प्रामाणिक वाटत नाही, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे 'अत्यंत नम्रतेने सांगावंसं वाटतं' ही सुरुवात आपण सुरक्षित समजून करतो आणि नेमकी तिथेच फसतो.

मध्यंतरी एका मैत्रिणीने मसुदा पाठवला. ती औषधांच्या पॅकेजिंगमध्ये आहे. मूळ मजकूर इंग्रजीत होता, त्याचा आशय असा:

'अत्यंत नम्रतेने सांगावंसं वाटतं की यंदाचा पॅकेजिंग डिझाइनचा पुरस्कार माझ्या टीमला मिळाला आहे. खरं तर हे अगदी अनपेक्षित होतं! प्रवास सोपा नव्हता. माझ्यावर विश्वास टाकणाऱ्या वरिष्ठांची मी ऋणी आहे. आणि अर्थातच माझी अफलातून टीम, तुमच्याशिवाय हे शक्यच नव्हतं!'

बाई स्वभावाने अजिबात आढ्यताखोर नाही. पण हे वाचून तसं वाटेल. पुरस्कार कशासाठी मिळाला, ते कुठेच नाही. वरिष्ठ आधी, टीम शेवटी. आणि 'अनपेक्षित' म्हणावं तर बहुतेक व्यावसायिक पुरस्कारांसाठी प्रवेशिका आपणच भरतो, नमुने पाठवतो, बऱ्याचदा शुल्कही भरतो. त्या क्षेत्रातल्या वाचकाला हे पक्कं ठाऊक असतं. आपणच अर्ज केलेल्या गोष्टीचं एवढं आश्चर्य कशाला?

मी तिला फोन केला आणि पुरस्काराबद्दल एक अक्षर न बोलता विचारलं, 'बाटलीच्या लेबलवर नेमकं काय बदललंत?' मग तिची गाडी सुटली. खोकल्याच्या औषधाच्या लेबलवर मुदत संपण्याची तारीख गुळगुळीत, वार्निश केलेल्या भागावर छापली जायची. ओला हात लागला की शाई पुसट व्हायची. तक्रारी नोंदवणाऱ्या मुलीच्या लक्षात आलं की 'तारीख दिसत नाही' असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची तारीख मुळात पुसली गेलेली असते. अक्षरं मोठी करून ते भागणार नव्हतं. छपाई विभागातल्या ऑपरेटरने सुचवलं की तेवढी पट्टी वार्निशविना कोरी ठेवा, शाई धरेल. डिझायनरने त्या पट्टीसाठी लोगो लहान केला, आणि त्यावरून मार्केटिंगशी झालेला वाद मैत्रिणीने अंगावर घेतला.

मी म्हटलं, 'अगं, हेच लिही ना.' ती म्हणाली, 'एवढं बारीक कोण वाचतं?' वाचतात. अशा पोस्टीत वाचण्यासारखं तेवढंच तर असतं.

शेवटी जे गेलं ते साधारण असं:

'आमच्या खोकल्याच्या औषधाच्या लेबलला यंदाचा पॅकेजिंग डिझाइन पुरस्कार मिळाला. आता ओल्या हातानेही मुदतीची तारीख पुसली जात नाही. तारखा पुसल्या जात आहेत हे तक्रारींतून आधी ओळखलं ते (नाव) हिने. वार्निशविना पट्टी ठेवायची कल्पना छपाई विभागातल्या (नाव) यांची. (नाव) हिने लोगो लहान करून त्या पट्टीला जागा काढली. ती आता दुसरीकडे काम करते, पण हे लेबल तिचं आहे. माझ्याकडे मंजुऱ्या मिळवण्याचं काम होतं. चाचण्या घेणाऱ्या सगळ्यांची नावं खाली देत आहे. अभिनंदन त्यांचं करा.'

पहिल्या वाक्यातच बातमी आली, हे महत्त्वाचं. फीडमध्ये पोस्टच्या वरच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं दाबून उघडावं लागतं. तिथे नम्रतेची प्रस्तावना घातली तर पुरस्कार घडीखाली जातो आणि वर उरते ती फक्त प्रस्तावना.

आभारांचं म्हणाल तर सगळं क्रियापदावर आहे. 'मेहनत घेतली', 'साथ दिली' हे कुणालाही चालतं, म्हणून कुणाचंच होत नाही. ओळखलं, सुचवलं, जागा काढली, ही त्या त्या माणसाची कामं. सारा अल्गो यांनी जोडप्यांच्या आभार मानण्याचा अभ्यास केला आहे. 'मला किती बरं वाटलं' यापेक्षा 'तू हे केलंस' असं समोरच्याचं कौतुक करणारे आभार त्या माणसापर्यंत जास्त पोचतात, असं त्यात दिसलं. अभ्यास ऑफिसातला नाही हे मान्य, पण मसुदे तपासताना मला रोज हेच दिसतं. 'मी ऋणी आहे', 'मी भारावले' अशा प्रत्येक वाक्याचा कर्ता मीच असतो. आभार दुसऱ्याचे आणि वाक्य माझं!

स्वतःचा वाटा लपवू नये, असंही माझं मत आहे. सगळं श्रेय वाटून टाकणारा प्रमुख वाचकाला पटत नाही. मग ही बाई तिथे करत काय होती, असं वाटतं. एका वाक्यात, बाकीच्यांच्या मापाने लिहावं. मैत्रिणीने आधी 'मी फक्त मंजुऱ्या मिळवल्या' असं लिहिलं होतं. मी 'फक्त' काढायला लावलं. मार्केटिंगशी भांडून लोगो लहान करून घेणं याला फक्त म्हणत नाहीत.

नोकरी सोडून गेलेल्या डिझायनरवरून थोडं अडलं. कंपनीतल्या कुणीतरी म्हटलं, ती आता नाही, तर कशाला? माझ्या मते अशा पोस्टीचा खरा कस इथेच लागतो. तिचं नाव वगळलं असतं तर निदान टीममधल्यांना तरी लगेच कळलं असतं.

टॅग करण्याआधी एकदा विचारावं. टॅग केलं की त्या माणसाला सूचना जाते आणि पोस्ट त्याच्या ओळखीच्यांपर्यंतही पोचू शकते. प्रत्येकाला ते हवंच असतं असं नाही. छपाईवाल्या ऑपरेटरचं तर खातंच नव्हतं. त्यांचं नाव साधं लिहिलं आणि पोस्टचा फोटो त्यांना वेगळा पाठवला. उलट परीक्षक, आयोजक, कंपनीचे अध्यक्ष अशी टॅगांची रांग लावली की आभार कुणाचे आणि पोस्ट कुणाच्या नजरेत यावी म्हणून, ते लगेच कळतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, बहुतेक वेळा एचआरकडून: तिघांची नावं कामासकट घेतली तर बाकीचे दुखावतील, त्यापेक्षा 'संपूर्ण टीम' म्हणा. दुखावण्याची भीती खरी आहे. पण 'संपूर्ण टीम' लिहून सगळे सारखेच वगळले जातात, एवढाच काय तो न्याय. पोस्टला तीन हजार अक्षरांची मर्यादा आहे, तेवढ्यात चांगली मोठी टीम नावानिशी मावते. टीम त्याहून मोठी असेल तर ज्या कामामुळे पुरस्कार मिळाला तेवढ्याच कामाची माणसं घ्यावीत, आणि यादी टाकण्याआधी टीममधल्याच एखाद्याला दाखवावी. कोण राहिलं, हे प्रमुखापेक्षा शेजारच्या टेबलावरच्याला जास्त नीट माहीत असतं.