लेफ्ट बॅकला सुट्टी

इंग्लंडच्या फुटबॉलच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, २४ टीम असतात. प्रत्येकीशी दोनदा खेळायचं, म्हणजे झाल्या ४६ मॅच. वर दोन कप स्पर्धा. व्हिडिओ गेमच्या करिअर मोडमध्ये मॅनेजर होऊन बसलो तेव्हा हा आकडा बघून मला गुदगुल्या झाल्या होत्या. भरपूर खेळायला मिळणार! खेळायला मला मिळणार होतं, पळायला मात्र दुसऱ्यांना लागणार होतं, आणि ते दुसरे दमतात.

करिअर मोडमध्ये स्वतःचा क्लब काढता येतो. लीगमधली एखादी टीम बाहेर काढायची आणि तिच्या जागी आपली बसवायची. मी क्लबला आमच्या पेठेचं नाव दिलं, जर्सीला तालमीचे रंग दिले. ऑगस्ट ते नोव्हेंबर सगळं झ्याक चाललं. शनिवारी मॅच, पुढच्या शनिवारी मॅच, अधूनमधून मंगळवारी एखादी. टीम पाचव्या नंबरवर. पेठेत ही बातमी मी स्वतःच पसरवली.

मग डिसेंबर उघडला. जर्मनीची लीग नाताळात चक्क सुट्टीवर जाते. इंग्लंडात मात्र २६ डिसेंबरला मॅच नसली तर लोकांना नाताळ झाल्यासारखा वाटत नाही. माझ्या कॅलेंडरवर २१, २६, २९ डिसेंबर, १ जानेवारी आणि ४ जानेवारी अशा पाच मॅच एका ओळीत उभ्या. पंधरा दिवसांत पाच.

आमच्या शेजारी बापू राहतात. तरुणपणी तालमीकडून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर खेळलेले, आता गुडघा धरून बसतात. त्यांना स्क्रीन दाखवली. म्हणाले, "आरं, पंधरा दिवसांत पाच? आम्ही मॅच खेळून आलो की थंडाई प्यायची, तांबडा वरपायचा, झाली रिकव्हरी. थंडाई पाज की मर्दा त्यास्नी." बापूंच्या गुडघ्याकडे बघून मी गप्प बसलो.

गेममध्ये थंडाई नाही. तिथं प्रत्येक खेळाडूच्या नावाशी एनर्जीची एक पट्टी असते, आणि ती पट्टी फार प्रामाणिक असते. माझा लेफ्ट बॅक घ्या, म्हणजे डाव्या कडेचा बचाव सांभाळणारा गडी. २१ तारखेची मॅच पूर्ण ९० मिनिटं खेळला, तरी मधे चार दिवस मिळाल्यामुळं २६ ला सकाळी तो ९६ वर होता. २६ ला पूर्ण खेळवला, मधे दोनच दिवस, २९ ला सकाळी ८०. आता ८० म्हणजे काही वाईट नाही, परीक्षेत पडले असते तर पेढे वाटले असते. पण २९ लाही खेळवला तर १ जानेवारीला तो साठ-पासष्टवर उतरणार आणि ४ तारखेला पन्नाशीत. एका मॅचचा थकवा पूर्ण उतरायच्या आत दुसरी येते, म्हणून तो साचत जातो. इतक्या कमी एनर्जीवर उतरलेला माणूस पासष्टाव्या मिनिटाला चालायला लागतो, आणि दुखापतीची शक्यता वाढते ती वेगळीच.

हे गेमवाल्यांनी काही मनानं रचलेलं नाही. २०१० साली एका मोठ्या युरोपीय टीमच्या दोन सीझनचा अभ्यास छापून आला होता. आठवड्यात दोन मॅच खेळणाऱ्यांची पळापळ एक मॅच खेळणाऱ्यांइतकीच भरली, दुखापतींचं प्रमाण मात्र सुमारे सहापट निघालं. म्हणजे मैदानात बघून कळत नाही. गडी पळतोय, घाम गाळतोय, सगळं ठीक दिसतंय, आणि आतून मांडीचा स्नायू निरोपाचं भाषण लिहितोय. गेममध्ये निदान पट्टी तरी दिसते. खऱ्या मॅनेजरला तीही नाही, हे आठवलं की मला टीव्हीवरच्या त्या सूटवाल्यांबद्दल माया वाटते.

तर मग सोपं आहे, नाही का? दमलेला बसवायचा, ताजा खेळवायचा. माझा भाचा सुट्टीला आला होता, त्यानं हेच सुचवलं: "मामा, अख्खी टीम बदल ना." वय वर्षं अकरा, आणि आत्मविश्वास कोचिंगचा डिप्लोमा घेतल्यासारखा.

खरी मेख इथंच आहे. एनर्जीच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, शार्पनेस. तो मॅच खेळल्यानं आणि ट्रेनिंगनं चढतो, बसून राहिलं की उतरतो. माझ्या दुसऱ्या लेफ्ट बॅकची एनर्जी १०० होती. का नसावी? ऑगस्टपासून तो बसूनच होता. पण शार्पनेस तिशीत. असा माणूस पळतो छान, पण पास पायाला लागून भलतीकडं जातो, टॅकल अर्धा सेकंद उशिरा पडतो. शार्पनेस वर असला तर खेळाडूच्या कौशल्याचे आकडे थोडे वर सरकतात, खाली असला तर खाली. म्हणजे ताजा पण गंजलेला की दमलेला पण धार असलेला, एवढाच पर्याय. बरं, धार लावावी म्हणून ट्रेनिंग द्यावं तर एनर्जी खाली. एनर्जीसाठी सुट्टी द्यावी तर धार खाली. आणि २६ ते २९ च्या मधे दिवस दोनच. त्यात कुणाला काय लावणार?

म्हणून रोटेशन २६ डिसेंबरला सुरू करायचं नसतं, ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करायचं असतं. त्या वेळी मॅच आठवड्याला एक असते आणि कुणीच दमलेलं नसतं, त्यामुळं बदली करायचं कारणच दिसत नाही. तरीही करायची. इंग्लंडात आता एका मॅचला पाच बदल्या चालतात. दोन गोलनं पुढं असलो की साठाव्या मिनिटाला मी दुसऱ्या लेफ्ट बॅकला आत सोडायचो. दर मॅचला अर्धा-अर्धा तास. वर आठवडाभर ट्रेनिंग त्याला, आराम पहिल्याला. २१ तारखेपर्यंत त्याचा शार्पनेस साठीच्या वर गेला. साठ म्हणजे काही फार नाही, पण पास निदान आपल्याच जर्सीकडं जायला लागला.

भाच्याच्या अख्ख्या टीमचं काय, तर तेही करायचं नसतं. सगळे सारखे दमत नाहीत. गोलकीपर जवळजवळ दमतच नाही, त्याला पाचही मॅच खेळवा. दोन्ही सेंटर बॅक बऱ्यापैकी एका जागी असतात, त्यांना पाचात एखादी विश्रांती पुरते. मार खातात ते कडेनं वर-खाली पळणारे फुल बॅक, विंगर आणि मिडफिल्डमधला तो एकजण, जो दोन्ही पेनल्टी बॉक्समध्ये हजर असतो. आणि मार खातात ते बहुतेक माझ्या बोटामुळं, कारण स्प्रिंटचं बटण माझ्याकडून सुटत नाही. त्यात हाय प्रेसिंग लावलं की बघायलाच नको. म्हणून दर मॅचला चार-पाच जागाच बदलायच्या, पण मागची चौकट तीच ठेवायची. अकराच्या अकरा बदलले की एकमेकांची तोंडओळख असलेली अकरा माणसं मैदानात उतरतात, आणि गोल खाल्ल्यावर तीही ओळख विसरतात.

हे सगळं डोक्यात राहीना, म्हणून स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडलं. तिथं आधीच दुधाच्या खुणा, भिशीची तारीख आणि वाढदिवस होते. २९ च्या चौकटीत आमच्या हिनं 'गॅस' लिहिलं होतं. त्याच्याच खाली जागा होती, तिथं मी बारीक अक्षरात 'विश्रांती. १ ला खेळेल' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतून हाक आली. "अहो, गॅसला विश्रांती दिलीय काय तुम्ही?"

मी नीट समजावून सांगितलं. २६ ला पहिला लेफ्ट बॅक पूर्ण खेळेल. २९ ला दुसरा. १ तारखेला परत पहिला, पण साठ मिनिटं, उरलेली तीस दुसरा. ४ ला जी एनर्जी असेल तसं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग पेन घेतलं आणि १ तारखेच्या चौकटीत लिहिलं: 'भांडी – तुम्ही. पूर्ण ९० मिनिटं.'

मॅचचं सांगायचं तर २६ ला जिंकलो. २९ ला बरोबरी, आणि दुसऱ्या लेफ्ट बॅकनं चक्क एक गोल वाचवला. १ तारखेला पहिला ताजातवाना, ९० च्या पुढं एनर्जी, त्याच्या क्रॉसवर गोल. २-० झाल्यावर ठरल्याप्रमाणं साठाव्या मिनिटाला त्याला बाहेर घेतला, प्रेसिंग उतरवलं, सगळ्यांना मागं खेचलं. बापू बाजूला बसून होते. "चांगला खेळतोय की, काढलास कशाला?" चांगला खेळतोय म्हणूनच काढला, हे त्यांना पटेना. त्यांच्या काळात चांगला खेळणारा माणूस फक्त स्ट्रेचरवरून बाहेर यायचा.

अवघड काम हे नव्हतंच. अवघड काम इनबॉक्स होतं. करारात प्रत्येक खेळाडूला एक दर्जा दिलेला असतो. कुणी टीमचा आधारस्तंभ, कुणी महत्त्वाचा, कुणी रोटेशनचा, कुणी नुसताच होतकरू. आधारस्तंभाला बसवलं की त्याचं मन खट्टू होतं आणि तसा मेसेज येतो. लग्नात मानपानावरून रुसणारे पाहुणे आणि हे, यांत मला काडीचा फरक दिसत नाही. दुसऱ्या पंगतीला बसवलं म्हणून धुसफुस, आणि पहिल्या पंगतीला बसवलं तर अपचन. यावर उपाय एकच, दर्जा वाटतानाच हात आखडता ठेवायचा. वीस माणसांत आठ-नऊ आधारस्तंभ करून ठेवले की डिसेंबरात मांडवच खाली येतो.

४ तारखेला सकाळी पहिला लेफ्ट बॅक ८८ वर होता. पाच मॅचच्या शेवटी ८८! त्याला पूर्ण ९० मिनिटं खेळवला. १-० नं जिंकलो, टीम चौथी. दुखापत एकही नाही. पुढच्या आठवड्यात त्या दोन कपांपैकी एफए कपचा तिसरा राउंड, चॅम्पियनशिपवाले तिथूनच आत येतात. बरोबरी झाली तर पुन्हा मॅच खेळायची ती पद्धत २०२४-२५ पासून बंद झालीय, नाहीतर कॅलेंडरवर दुधालासुद्धा जागा उरली नसती.

बापूंनी खुशीत पाठीवर थाप मारली. मी ऐटीत इनबॉक्स उघडला. एक नवा मेसेज. लेफ्ट बॅकचा. पहिल्या.

आपल्याला पुरेसं खेळायला मिळत नाही, अशी त्याची तक्रार होती.