दोन लाख व्ह्यूज आणि एकही गिऱ्हाईक नाही: एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

*“सर, तुमचा लेख वाचून मी डंकनात मिरची पडतानाचा आठ सेकंदांचा व्हिडिओ टाकला. शेवट आणि सुरुवात जुळवून घेतली, म्हणजे लोक परत परत पाहतील, असं तुम्हीच लिहिलं होतं. दोन लाख व्ह्यूज आले. कांडपाला एकही नवीन गिऱ्हाईक आलं नाही. मग तुमच्या त्या वॉच टाइमचा आम्हा छोट्या धंदेवाल्यांना उपयोग काय? उगीच लोकांना नादी लावू नका.”*

ताई, नमस्कार.

तुमचा राग रास्त आहे, आणि चूक माझ्या लेखात होती. “पुन्हा पाहिलं गेलं की व्हिडिओ पुढे जातो” एवढं लिहून मी थांबलो. कुणी पुन्हा पाहिलं आणि कशासाठी, हे लिहायला हवं होतं. ते आता सविस्तर लिहितो.

आधी त्या दोन लाखांचा हिशेब. दोन लाख व्ह्यूज म्हणजे दोन लाख माणसं नव्हेत. यूट्यूब शॉर्ट्सवर 31 मार्च 2025 पासून व्हिडिओ सुरू झाला की एक व्ह्यू धरतात, आणि तोच पुन्हा फिरला की आणखी एक. किमान किती सेकंद पाहिलं पाहिजे, अशी अट त्यात नाही. जुन्या पद्धतीचा आकडा आता Engaged views या नावाने वेगळा दिसतो. इन्स्टाग्रामच्या रील्सवरही व्ह्यूजमध्ये फेरे मोजले जातात. माणसं किती, हे बघायचं तर रीच बघावा लागतो. तुमचा व्हिडिओ आठ सेकंदांचा आणि जोड न दिसणारा. एकेका माणसाने तीन-तीन फेरे बघितले असतील, तर दोन लाखांतली माणसं बरीच कमी निघतील.

आता वॉच टाइमकडे, म्हणजे लोकांनी व्हिडिओ किती वेळ पाहिला त्याकडे येऊ. शिफारस करणारी यंत्रणा “हा व्हिडिओ चांगला आहे का” असं विचारत नाही. समोरच्या एका माणसासाठी ती अंदाज बांधते: हा माणूस हा व्हिडिओ किती वेळ पाहील, लाईक करील का, कमेंट करील का, कुणाला पाठवील का. टिकटॉकचा एक अंतर्गत कागद 2021 च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उजेडात आणला होता. त्यात हेच ढोबळ सूत्र होतं: प्रत्येक कृतीची शक्यता गुणिले त्या कृतीचं वजन, आणि त्या सगळ्यांची बेरीज. पाहण्याचा अपेक्षित वेळ हा त्यातला एक मोठा भाग होता. टिकटॉक आपल्याकडे जून 2020 मध्ये बंद झालं, पण रील्स आणि शॉर्ट्स याच वाटेने चालतात. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी 2025 च्या जानेवारीत तीन महत्त्वाचे संकेत सांगितले होते: पाहण्याचा वेळ, रीचच्या तुलनेत लाईक आणि रीचच्या तुलनेत दुसऱ्याला पाठवणं. तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोचायचं असेल तर त्यातलं पाठवणं जास्त मोलाचं, असंही ते म्हणाले होते.

अडचण अशी की नुसते सेकंद मोजले तर लांब व्हिडिओ आपोआप जिंकतो. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ अर्धा पाहिला तरी वीस सेकंद होतात. आठ सेकंदांच्या व्हिडिओला तेवढे मिळवायला अडीच फेरे लागतात. नुसते टक्के मोजले तर उलटं होतं, आणि छोटा व्हिडिओ विनाकारण वर जातो. क्वाइशो या चिनी व्हिडिओ कंपनीतल्या अभियंत्यांनी 2022 मध्ये यावर एक शोधनिबंधच लिहिला. त्यांचा उपाय साधा आहे. साधारण सारख्या लांबीच्या व्हिडिओंचे गट करायचे आणि आपल्या गटात हा कितवा येतो ते पाहायचं. आठवीच्या मुलाचे मार्क आठवीच्याच मुलांशी ताडून बघावेत, तसं. म्हणून “आठ सेकंदांचाच करा” किंवा “मिनिटाचाच करा” या दोन्ही सल्ल्यांना मी आता काही किंमत देत नाही.

तुमच्या व्हिडिओचं नेमकं काय झालं असेल, ते एका उदाहरणाने सांगतो. आकडे माझे आहेत, फक्त हिशेबापुरते. समजा, शंभर जणांना तो दिसला. साठ जणांनी दोन सेकंदांत अंगठा वर सरकवला. उरलेल्या चाळीस जणांना लालभडक मिरची आणि डंकनाचा ठेका आवडला, ते तीन फेऱ्यांहून थोडं जास्त म्हणजे पंचवीस सेकंद बसले. साठ दुणे एकशेवीस, चाळीस गुणिले पंचवीस एक हजार. एकूण 1120 सेकंद. सरासरी 11.2 सेकंद, म्हणजे आठ सेकंदांच्या व्हिडिओचे 140 टक्के. पडद्यावर 140 टक्के दिसले की वाटतं, व्हिडिओ सगळ्यांनाच आवडला. प्रत्यक्षात शंभरातले साठ उठून गेलेले असतात. सरासरी हे झाकते. म्हणून यूट्यूब स्टुडिओत Average percentage viewed च्या आधी किती जण थांबले आणि किती जणांनी सरकवलं ते बघा, आणि रील्सवर पहिले तीन सेकंद ओलांडून पुढे किती जण गेले ते.

मग यंत्रणा काय करते? त्या चाळीस जणांसारखे आणखी लोक शोधते. आणि ते चाळीस जण कोण होते? तुमच्या व्हिडिओत बोलणं नाही, गावाचं नाव नाही, पाटी नाही. फिरतं यंत्र, रंग आणि आवाज बघायला आवडणारा कुणीही तो पाहू शकतो, मग तो लखनौत असो नाहीतर चेन्नईत. यंत्रणेने तिचं काम चोख केलं: बघणारे शोधून आणले. चटणी करून घेणारे शोधायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चटणी घरात कोण करतं हे तिला कळण्याचा एकच मार्ग आहे: चटणी करणारी माणसंच शेवटपर्यंत थांबतील आणि बाकीचे निघून जातील, असा व्हिडिओ.

पुन्हा पाहण्याबद्दल मला खरं शहाणपण आमच्या वहिनींच्या ब्लाउजच्या दुकानात आलं. त्यांचा 46 सेकंदांचा एक व्हिडिओ होता: पाठीचा गळा खोल घेतला की ब्लाउज खांद्यावरून का उतरतो. मशीनशेजारीच बसून आम्ही त्याचा आलेख उघडला. किती जण कोणत्या सेकंदाला बघत होते, याची ती रेष असते. फेरे होत असतील तर ती अगदी सुरुवातीला शंभराच्या वर जाते आणि मग उतरत जाते. इथे सुरुवातीला तसं काही नव्हतं. पण साधारण एकतिसाव्या सेकंदाला उतरत्या रेषेवर चक्क एक टेंगूळ आलेलं. लोक पुढे गेले आणि बोटाने व्हिडिओ मागे ओढून तेवढाच भाग पुन्हा बघत होते. तिथे काय होतं? वहिनी कापडावर टेप ठेवून दाखवत होत्या, की गळ्याची खोली वाढवली की खांद्याकडची रुंदी कमी घ्यायची. दोन सेकंदांत त्यांनी खडूने खूण केली आणि हात उचलला. मापं वाचायला वेळच मिळत नव्हता.

आलेखावरचे हे दोन आकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. सुरुवात शंभराच्या वर, म्हणजे अख्खा व्हिडिओ फिरतोय. त्यात आवड असते, शेवट न कळल्यामुळे झालेले फेरे असतात, आणि चालू फोन कट्ट्यावर ठेवून भाजी ढवळायला गेलेली माणसंही असतात. मधलं टेंगूळ म्हणजे कुणीतरी हात लावून मागे गेलंय. त्याला तिथलं काहीतरी हवं आहे. वॉच टाइमच्या बेरजेत दोन्ही सेकंदच, पण दुकानदाराला कामाचं आहे ते दुसरं.

आता त्यातली गंमत बघा. मापं टिपून घेणाऱ्या बायका वहिनींच्या गिऱ्हाईक नव्हत्याच, त्या स्वतः शिवणाऱ्या होत्या. कमेंट वाचल्यावर ते स्पष्ट झालं: “मुंढा किती घेतला?”, “अस्तर असलं तर काय?” मग वहिनींनी त्या बायकांसाठी उन्हाळ्यात दुपारचा क्लास काढला. आणि गिऱ्हाइकांसाठी वेगळे व्हिडिओ केले: लग्नातलं जुनं ब्लाउज दंडाला घट्ट होतंय, ते शिलाई उसवून किती वाढतं, आतलं मार्जिन कसं ओळखायचं. हे फार कुणी पाहिले नाहीत. पण ते जावेला, नणंदेला पाठवले गेले, आणि पिशवीत जुनी ब्लाउजं घेऊन बायका दुकानात आल्या. पाठवण्याचं वजन मला तिथे समजलं. पाठवणारी बाई गिऱ्हाईक निवडून देते, आणि ते बहुतेक वेळा जवळपासचंच असतं.

आता तुमच्या डंकनाकडे. तुमच्याकडे येणाऱ्या बाईचा पहिला प्रश्न मला माहीत आहे, कारण माझी आईही तोच विचारते: मिरची पुरेशी वाळलीय का? ओलसर राहिली तर ती नीट कुटली जात नाही, चिकटते, आणि चटणीला पुढे बुरशी धरायची भीती. तर तीस-पस्तीस सेकंदांचा व्हिडिओ करा. पहिल्याच वाक्यात तुमच्या आवाजात, तुमच्या बोलीत, गावाचं नाव घ्या आणि म्हणा: “कांडपाला मिरची आणायच्या आधी ही खूण बघा.” मग दोन मिरच्या हातात घ्या. एक वाकवली की नुसती दुमडते, दुसरी कडकन मोडते. मोडतानाचा आवाज माइकजवळ घ्या. मग देठं काढलेली आणि न काढलेली मिरची शेजारी ठेवा. नंतर ब्याडगी आणि लवंगी किती-किती घेता ते पाटीवर लिहून दाखवा, आणि पाटी पाच सेकंद तरी हलवू नका. लोकांनी मागे ओढून बघावं म्हणून पाटी मुद्दाम झटकन काढायची, हा सल्ला तुम्हाला पुष्कळ जण देतील. त्याने सेकंद वाढतील, पण ज्या बाईला प्रमाण हवंय ती वैतागेल. ज्यांना पुन्हा बघायचंय त्या तशाही बघतील.

मराठी न कळणारे पहिल्या वाक्यालाच सरकवतील. त्याने व्हिडिओचा पल्ला कमी होईल, दोन लाख बहुधा होणार नाहीत. ते होऊ द्या. थांबलेल्यांवरून यंत्रणा पुढचे लोक शोधते, आणि या वेळी थांबलेल्यांच्या घरी मिरची वाळत पडलेली असेल.

फेब्रुवारीच्या शेवटी टाका, लोक मिरची घ्यायला लागतात तेव्हा. कांडपाचा किलोचा दर, नंबर लावायचा असेल तर सकाळी कधी यायचं, हे पहिल्या कमेंटमध्ये लिहून ती वर पिन करा. आणि गल्ल्याजवळ एक वही ठेवा. नवीन बाई आली की “कुठून कळलं?” एवढं विचारून लिहा: व्हिडिओ, शेजारीण, पाटी. महिन्याभराने व्हिडिओचा आलेख आणि ती वही, दोन्हींचे फोटो मला पाठवा. आपण शेजारी ठेवून बघू.