फी शून्य, पण रेट कोण बघणार?

आज इथल्या मराठी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी एका ॲपचं रेफरल टाकलं: "जर्मनीत पैसे मागवा, फी शून्य!" खाली चाळीसेक अंगठे. डोकंच फिरलं.

अरे, फी शून्य म्हणजे फुकट नाही! रेट बघितला का? समजा, आज गुगलवर युरो १०० रुपयांना दिसतोय. शून्य फीवालं ॲप तो १०२.२० ला देतं, म्हणजे हजार युरोंना १,०२,२०० रुपये. दुसरं ७०० रुपये फी उघड मागतं, पण रेट १००.७० लावतं. एकूण १,०१,४००. 'फुकट'वालं आठशे रुपयांनी महाग पडलं. रुपयाचे युरो करताना लागणारा जीएसटी लाखाला साधारण १८० रुपये, तो दोन्हीकडे जवळपास सारखाच, त्यामुळे हिशोब बदलत नाही.

बँकेचं तर विचारूच नका. माझ्या पहिल्या सेमिस्टरला बाबा कराडहून बँकेत गेले. पॅन कार्ड, ए-टू फॉर्म, माझं ॲडमिशनचं पत्र, सगळी फाईल घेऊन. पाठवले हजार युरो आणि माझ्या खात्यात आले ९७९! एकवीस युरो गेले कुठे, हे तिथल्या काउंटरवर कुणालाच सांगता येईना. गेले होते मधल्या बँकेकडे. स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय नेटवर्कने पाठवलेले पैसे बऱ्याचदा वाटेत एखाद्या बँकेतून जातात आणि ती आपला वाटा कापून घेते. फॉर्मवर चार्जेसचा रकाना असतो. तिथे SHA लिहिलं तर ही कापाकापी घेणाऱ्याच्या माथी, OUR लिहिलं तर पाठवणारा जास्तीचे पैसे आधीच भरतो. बाबांना हे कुणी विचारलंच नाही, साहेबांनी आपणच SHA वर टिक केली. बाबा मात्र फोनवर मलाच विचारत होते, "कमी पडले का गं? अजून पाठवू?" त्यांचा तो आवाज आठवला की अजूनही संताप येतो.

जाऊ दे. बाबांना आता एवढंच सांगितलंय: फी बघू नका, रेटही बघू नका. बटण दाबायच्या आधी दोन आकडे बघा. तुमच्या खात्यातून एकूण किती रुपये जाणार आणि माझ्या हातात किती युरो पडणार. तेही एकाच वेळी दोन ॲपवर, कारण रेट दिवसभर हलतो. दुसरा आकडा जे ॲप आधी दाखवत नाही, ते काढून टाका. एकवीस युरोंच्या प्रकरणानंतर त्यांना हे पटकन पटलं.

आणि हो, बँकेचं एक मान्य करते. एज्युकेशन लोनचे पैसे असतील तर ते बहुतेक वेळा बँकेतूनच युनिव्हर्सिटीला जातात, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या लोनवर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना आगाऊ घेतला जाणारा करही लागत नाही. तिथे ॲपचा हट्ट नको. फक्त त्या रकान्यात OUR लिहून घ्या, साहेब कितीही घाईत असले तरी.