‘मेसेज येतोच ना’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

*“ताई, पंधरा वर्षांच्या मुलीला फ्री ट्रायल आणि ऑटोपे शिकवत बसण्यापेक्षा फोन काढून घ्या, विषय संपेल. पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतोच ना, मग हे पुराण कशासाठी? हल्लीच्या आयांमध्ये मुलांना ‘नाही’ म्हणायची हिंमत उरली नाही, म्हणून असले लांबलचक लेख. आणि आयफोनवाल्यांनी काय करायचं ते लिहिलंच नाहीत. – एक वाचक”*

नमस्कार. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, त्यामुळे कोणाशी बोलते आहे ते मला माहीत नाही. माझ्या घरात कोण कोणाला कधी ‘नाही’ म्हणतं, हे तर तुम्हाला मुळीच माहीत नाही. तरीही माझ्या हिमतीचा निकाल तुम्ही एका ओळीत लावून टाकलात. लेखातला एखादा मुद्दा चुकीचा वाटला असता तर तसं लिहिता आलं असतं. ‘हल्लीच्या आया’ म्हणून सगळ्यांना एकाच दावणीला बांधण्याची गरज नव्हती. हे वाचून मला वाईट वाटलं, आणि ते लपवून गोड बोलणं मला जमणार नाही.

आयफोनचं राहिलं, हे तुमचं बरोबर आहे. तिथे सेटिंग्जमध्ये सर्वांत वर आपलं नाव असतं, ते उघडलं की ‘सबस्क्रिप्शन्स’ दिसतं आणि रद्द करायचं ते तिथूनच. मूळ लेखात मी ही ओळ घालते आहे. फोन काढून घेण्याबद्दल एवढंच म्हणेन की तो अधूनमधून मीही काढून घेते, पण त्याचा या विषयाशी काही संबंध नाही.

आता मेसेजबद्दल. तुमच्या प्रतिक्रियेतलं हे एकच वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण अनेक सुशिक्षित माणसं त्याच भरवशावर निर्धास्त असतात. नियम आहे आणि चांगला आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून तो कार्डांवर पूर्णपणे लागू केला. कंपनीला दर महिन्याला आपोआप पैसे घ्यायचे असतील, तर आधी एकदा ग्राहकाची खातरजमा करून परवानगी घ्यावी लागते आणि प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. यूपीआयवरच्या ऑटोपेलाही अशी पूर्वसूचना येते. या परवानगीला मँडेट म्हणतात. एकदा मँडेट दिलं की सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतच्या वसुलीला पुन्हा पिन किंवा ओटीपी लागत नाही.

पण मेसेज कोणाला येतो? ज्याचं खातं असतं, त्याला. मी तालुक्याच्या गावी एका बँकेच्या काउंटरवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून हे ठामपणे सांगते. पासबुक छापून घेतल्यावर दर महिन्याची तीच नोंद बोटाने दाखवत “हे काय आहे?” असं विचारणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातले एक निवृत्त गृहस्थ अजून आठवतात. नातवाने त्यांच्या फोनवर कसलंसं ॲप घेतलं होतं, कंटाळा आल्यावर ते काढूनही टाकलं होतं. “ॲप फोनमध्ये नाही तर पैसे कसे जातात?” असं ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते. मेसेज त्यांना येत होते. पण मेसेजमध्ये ॲपचं नाव नव्हतं. ॲप चालवणाऱ्या कंपनीचं कागदोपत्री असलेलं नाव होतं, आणि ते त्यांनी कधी ऐकलेलंही नव्हतं. नातवाने ते नाव कदाचित ओळखलं असतं, पण त्याच्यापर्यंत मेसेज पोहोचतच नव्हता. ज्याला मेसेज येतो त्याला संदर्भ ठाऊक नाही आणि ज्याला संदर्भ ठाऊक आहे त्याला मेसेज येत नाही, असा प्रकार तो होता.

आता वेळेचं बघा, मूळ लेख मी त्यासाठीच लिहिला होता. समजा, माझ्या लेकीने शनिवारी संध्याकाळी फोटो सुधारण्याच्या एका ॲपची ट्रायल घेतली. सात दिवस १ रुपया, त्यानंतर महिन्याला २९९ रुपये. पुढच्या शनिवारी २९९ जाणार. नियमाप्रमाणे पूर्वसूचना शुक्रवार संध्याकाळच्या आत कधीतरी येईल. अगदी वेळेत आली असं धरू. पण अनेक सबस्क्रिप्शनच्या अटींत लिहिलेलं असतं की ट्रायल संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करा. आयफोनवरही तेच सांगितलेलं असतं. म्हणजे सूचना उशिरात उशिरा यायची वेळ आणि रद्द करण्याची शेवटची वेळ, दोन्ही शुक्रवारच्याच संध्याकाळी. मी तेव्हा बसमध्ये असते, लेक क्लासला. मेसेज वाचून तिला विचारेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. कापलेले पैसे परत मिळवणं हा त्यापुढचा वेगळा त्रास.

त्या मेसेजमध्ये रद्द करण्याचा दुवा असला तरी मी लेकीला तो दाबायला सांगणार नाही. मेसेजमधल्या कोणत्याही दुव्याला हात लावायचा नाही, हे घराघरांत शिकवलं जातं ते योग्यच आहे. मग मुलांना माहीत हवं की दुवा सोडून जायचं कुठे.

म्हणून मी तिला मेसेजची वाट बघायला शिकवत नाही, मँडेटचा पडदा वाचायला शिकवते. १ रुपया भरण्यासाठी पिन मागतात, तेव्हा त्या रुपयाखाली बारीक अक्षरांत चार गोष्टी असतात: पैसे कोण घेणार, किती, किती दिवसांनी आणि कधीपर्यंत. यातली ‘किती’ नीट वाचायची. तिथे कधी नेमकी रक्कम असते, तर कधी कमाल मर्यादा. आमच्या उदाहरणात जाहिरात २९९ ची असली आणि मँडेट ‘९९९ पर्यंत’ असं असलं, तर उद्या किंमत वाढून ३९९ झाली तरी नव्याने पिन मागण्याची गरज पडत नाही. पिन टाकताना आपण १ रुपयाला होकार देतो असं मुलांना वाटतं. खरं तर होकार ९९९ ला दिलेला असतो, आणि ‘कधीपर्यंत’समोर कित्येक वर्षांनंतरची तारीख असू शकते. हे एकदा दाखवल्यावर लेकीने पुढच्या ट्रायलच्या वेळी स्वतःहून फोन माझ्यासमोर धरला आणि ‘कमाल’ हा शब्द दाखवला. तुमच्या मते हे पुराण असेल. माझ्या मते तिला जे कळायला हवं होतं ते कळलं.

दुसरी गोष्ट म्हणजे रद्द करण्याची जागा. ॲप फोनमधून काढल्याने काहीच रद्द होत नाही, कारण परवानगीची नोंद फोनमध्ये नसते, ती बँक आणि यूपीआयच्या यंत्रणेत असते. सबस्क्रिप्शन जिथून घेतलं तिथे रद्द करायचं. गुगल प्लेमध्ये आपल्या फोटोवर दाबलं की ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ सापडतं. त्यानंतर यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून तिथलं मँडेटही बंद झालं का ते बघायचं. ही दोन वेगळी कामं आहेत. नुसतं मँडेट बंद केलं तर पैसे थांबतात, पण कंपनीच्या दप्तरी तुम्ही वर्गणीदारच राहता आणि ‘पैसे भरा’ म्हणून निरोप येत राहतात. नुसतं सबस्क्रिप्शन रद्द केलं तर मँडेट कधीकधी तसंच पडून राहतं.

आणि हे करायचं कधी? ट्रायल घेतल्या दिवशीच. गुगल प्लेवर ट्रायल आधी रद्द केली तरी सहसा उरलेले दिवस वापरता येतं, आणि रद्द करताना ते कोणत्या तारखेपर्यंत हेही दिसतं. ती तारीख वाचायची. काही सेवा रद्द करताक्षणी बंद होतात. तशी सेवा असेल तर कॅलेंडरमध्ये शेवटच्या दिवसाच्या दोन दिवस आधीचा गजर लावायचा, आणि तो लेकीच्या फोनमध्ये, माझ्या नव्हे. मर्यादा तिची आहे, म्हणून आठवणही तिनेच ठेवायची.

मर्यादा कोणती, तेही सांगते, कारण तुम्हाला वाटतं की मी तिला खर्च करायला शिकवते. तिला महिन्याला ५०० रुपये मिळतात. ट्रायलचं बटण दाबण्याआधी तिने वहीत एक आकडा लिहायचा: फुकट दिवस मिळालेच नसते तर या ॲपसाठी महिन्याला मी किती दिले असते? फोटोच्या ॲपसमोर तिने ५० लिहिले. २९९ गुणिले १२ केल्यावर वर्षाचे ३,५८८ आले. मग तिनेच ॲपमधली वार्षिक योजना दाखवली, ‘महिन्याला फक्त १२५’ अशी. ते १२५ महिन्याला द्यायचे नव्हते, वर्षाचे १,४९९ एकदम द्यायचे होते. म्हणजे तिचे तीन महिन्यांचे पैसे एका दिवसात. तिने ट्रायल घेतली, त्याच संध्याकाळी रद्द केली आणि तिला हवे होते ते फोटो आठवड्यात करून घेतले. मी ‘नाही’ म्हटलं नाही, कारण तिनेच म्हटलं होतं.

सदस्यत्व सहज घेता यावं आणि सोडताना मात्र माणूस अडकावा, अशा रचनेला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या प्रकारांमध्ये धरलं आहे. मोठ्या माणसांना अडकवणाऱ्या रचना आहेत हे सरकारी कागदावर मान्य झालेलं असताना, पंधरा वर्षांच्या मुलीला त्या समजावून सांगणं तुम्हाला फाजील वाटतं, याचं मला खरंच नवल वाटतं. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशानुसार दहा वर्षांवरच्या मुलांना बँकेने घालून दिलेल्या मर्यादेत स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं. लेकीचं खातं या सुट्टीत उघडायचं आहे. मग मेसेज तिलाच येतील, आणि त्यातलं नाव कोणाचं हे तिला माहीत असेल.

लेख लांब आहे, राहू दे. तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडा आणि तिथे जी नावं दिसतील त्यातली किती ओळखता, हे इथे लिहा. या वेळी आपल्या नावानिशी लिहा, म्हणजे मलाही नीट उत्तर देता येईल.