पाणी येईल का, हे पत्त्यांना विचारू नका

मी कोल्हापुरात ओळखीपाळखीच्या लोकांसाठी टॅरोचे पत्ते वाचते. मनापासून वाचते आणि त्याचा उपयोग होतो असं मानते. म्हणूनच हे मलाच लिहायला हवं.

पावसाळा लागला की माझ्याकडे येणारे प्रश्न बदलतात. लग्न, नोकरी, परदेश मागे पडतं आणि "पाणी येईल का? सामान हलवू का?" सुरू होतं. २०१९ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ला ५६च्या वर. तेव्हापासून नदीकाठच्या माणसाला जुलै-ऑगस्टमध्ये नीट झोप नसते. भीती खरी आहे, पण पाणी येईल का या प्रश्नात पत्त्याचं वजन शून्य. थोडंसुद्धा नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगते. ओळखीच्या एका मूर्तिकार काकांचा रात्री दहाला फोन आला. "वहिनी, मूर्ती हलवू काय नको, सांगा की." शेडमध्ये २०० गणपती, काही कच्चे शाडूचे, काही रंगकाम झालेले. कुणीतरी त्यांना आधीच एक पत्ता काढून दिला होता, हँग्ड मॅन. अर्थ सांगितला होता, "थांबा, घाई करू नका."

त्यांची घालमेल मला पटत होती. मूर्ती हलवणं म्हणजे टेम्पोभाडं, हमाली आणि फुटतूट. हात, सोंड, कान, काहीतरी जातंच. उगाच कुणी हलवत नाही. पण शाडूला पाणी लागलं की नुसता चिखल उरतो.

मी विचारलं, "काका, आत्ता किती फूट?" सहाला ३५ होती, दहाला ३६. म्हणजे चार तासांना एक फूट. शेडच्या दारात पाणी कधी येतं? मागच्या पुरानंतर त्यांनी भिंतीवर खूण करून ठेवली होती, ४१ फुटांना. पाच फूट बाकी म्हणजे वीस तास, उद्या संध्याकाळी सहा. हे ऐकून त्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं, कारण मुदत दुसरीच होती. शेडकडे येणारा रस्ता सखल आहे, तो ४०लाच पाण्याखाली जातो. मूर्ती भिजायच्या आधी टेम्पो अडकतो. म्हणजे हातात सोळाच तास, उद्या दुपारी दोनपर्यंत.

मग काम किती ते धरलं. एका फेरीत वीस मूर्ती, म्हणजे दहा फेऱ्या. भरणं, नेणं, उतरवणं धरून फेरीला सव्वा तास, एकूण साडेबारा तास. एकाच टेम्पोवर दोनच्या आत संपवायचं तर रात्री दीडलाच सुरुवात करावी लागणार आणि अंधारात, पावसात मूर्ती उचलणं म्हणजे निम्म्या फोडणं. दोन टेम्पो केले तर सव्वासहा तास, पहाटे सहाला लागलं की सव्वाबारापर्यंत मोकळं. तेव्हा त्या रात्री ठरवायचं एवढंच होतं, की दुसरा टेम्पो आत्ता सांगून ठेवायचा.

हा हिशेब कच्चाच असतो, हेही त्यांना सांगितलं. नदी पात्राबाहेर शेतात पसरली की चढण्याचा वेग कमी होतो. उलट राधानगरी धरण भरून त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले तर वाढतो. ते सात दरवाजे आपोआप उघडतात, कुणाच्या सोयीने नाही. शहरात ऊन पडलंय म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही, कारण पाऊस राधानगरी-गगनबावड्याकडे किती झाला ते महत्त्वाचं. म्हणून दर दोन तासांनी पातळी बघायची आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाने काय सांगितलंय ते ऐकायचं. ३९ इशारा पातळी, ४३ धोका पातळी हे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण ते आकडे अख्ख्या शहरासाठी आहेत, तुमच्या गल्लीचा आकडा तुम्हालाच माहीत असायला हवा.

आता त्या हँग्ड मॅनकडे येते. चित्रात एक माणूस एका पायावर उलटा टांगलेला, चेहरा शांत. त्याचा अर्थ "थांबा" होतो हे बरोबर. पण त्याच पत्त्याचा दुसरा, तितकाच रूढ अर्थ आहे, मोठ्यासाठी लहान सोडून देणे. त्या अर्थाने तोच पत्ता म्हणतो, चार मूर्ती फुटू देत, बाकीच्या वाचव. वाचणारी मी प्रामाणिक असले तरी एकाच पत्त्यातून दोन्ही उत्तरं निघतात. मग त्या पत्त्यात नदीबद्दल काय माहिती असणार?

हो-नाही विचारायची पद्धत तर आणखी धोक्याची. सुलटा आला तर हो, उलटा आला तर नाही, असं धरलं तर हवं ते उत्तर यायची शक्यता निम्मी. मनाजोगतं आलं नाही की लोक पिसून पुन्हा काढतात. दोनदा काढल्यावर एकदा तरी हवं ते यायची शक्यता चारात तीन, तीनदा काढल्यावर आठात सात. तिसऱ्या पत्त्यावर माणूस म्हणतो, बघा, आलं की! मी हे समोर बसून पाहिलंय आणि त्यामुळे आता एका प्रश्नाला दुसऱ्यांदा पत्ता काढत नाही.

त्या वेळी नदी साडेएकोणचाळीसवर थांबली आणि उतरली. शेडमध्ये पाणी आलं नाही. हलवताना चार मूर्ती फुटल्या. लगेच कुणीतरी म्हणालंच, "पत्ता बरोबर होता, उगाच हलवलं." मला हे अजिबात मान्य नाही. रात्री दहाला जे हातात होतं त्यावर निर्णय बरोबर होता. एकीकडे चार मूर्ती आणि दोन टेम्पोंचं भाडं, दुसरीकडे २०० मूर्ती आणि वर्षाची कमाई. नदी अर्धा फूट आणखी चढली असती तर रस्ता गेला होता.

मग पत्त्यांना काहीच जागा नाही का? आहे. त्याच काकांनी पुढे दिवाळीनंतर दुसरा प्रश्न आणला. शेड इथून उचलून उंचावर न्यावी का? जागा बघून झाली होती, सातबारा वकिलाला दाखवला होता, कर्जाचा हप्ता झेपत होता, न नेऊनही भागत होतं आणि कसली तारीख डोक्यावर नव्हती. तरी ठरत नव्हतं. तेव्हा मी पत्ते मांडले. सिक्स ऑफ कप्स आला, लहानपणाचा, जुन्या घराचा पत्ता. काका बराच वेळ वडिलांबद्दलच बोलले, त्यांनी याच शेडमध्ये माती मळायला शिकवलं होतं त्याबद्दल. अडत होतं ते तिथे. पत्त्याने त्यांना जागा निवडून दिली नाही, पण मुलाशी काय बोलायचं राहिलंय ते कळलं.

पत्ता काढायच्या आधी आता मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारते: तुमच्या मनात आहे त्याच्या अगदी उलट पत्ता आला तर तुम्ही वेगळं वागाल का? "नाही" म्हणाले तर पत्त्याची गरजच नाही. "हो" म्हणाले तर मी थांबते आणि विचारते, डॉक्टरांनी, वकिलाने किंवा खात्याने काय सांगितलंय आणि शेवटची तारीख कधी आहे? आकडा, सल्ला किंवा तारीख यातलं काही विचारायचं राहिलं असेल तर ते आधी. पुराच्या दिवसांत मी पत्त्यांना हातच लावत नाही. फोन आला तर पहिला प्रश्न एकच, तुमच्या गल्लीत पाणी कितीला येतं आणि रस्ता कितीला बंद होतो? हे दोन आकडे ज्यांना माहीत नाहीत त्यांनी आजच शेजारच्या जुन्या माणसाला विचारून भिंतीवर लिहून ठेवावेत.